रोज्यात सुई टोचली तर इफ्तारची वाट पाहू नका

समजा, रत्नागिरीतल्या एखाद्या दवाखान्यात नर्स असलेल्या आपल्या मुलीला रमजानमध्ये सकाळी 11 वाजता पेशंटची वापरलेली सुई टोचली. हातमोजा काढून ती जागा आधी साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवायची. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिटही चोळायचं नाही.

मग लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगून नोंद करायची. तिची आणि संमती घेऊन पेशंटची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी होते. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, तेही तेव्हाच सांगावं.

डॉक्टरांनी एचआयव्ही रोखणारं औषध सुरू करायचं ठरवलं, तर रिपोर्टसाठी थांबू नये. पहिला डोस शक्यतो दोन तासांत, म्हणजे 1 वाजेपर्यंत पोटात जायला हवा. 72 तासांनंतर औषध सुरू करून उपयोग होत नाही. “इफ्तारला घेते” म्हटलं की सात-आठ तास गेलेच! तो रोजा नंतर कजा करता येतो, गेलेले तास परत येत नाहीत.

पुढे 28 दिवस गोळी बहुधा रोज एकदाच असते, त्यामुळे डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतरची वेळ ठरवता येते. पेशंट निगेटिव्ह निघाला, तर औषध बंद करायचं की नाही हे डॉक्टरच सांगतील. संसर्ग उशिरा दिसतो, म्हणून सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.