निर्धारक प्रतिचित्रण व पहिले तुल्याकारिता प्रमेय

निर्धारक प्रतिचित्रण : सत् संख्यांच्या n ओळी व n स्तंभ असलेल्या व्यस्तक्षम आव्यूहांचा गुणाकाराखाली गट होतो, तो GL(n, R) असा लिहितात. आव्यूह व्यस्तक्षम असल्यास त्याचा निर्धारक शून्य नसतो. त्यामुळे निर्धारक घेण्याची क्रिया या गटातून शून्येतर सत् संख्यांच्या गुणाकार-गटात, म्हणजे R* मध्ये जाते. शिवाय det(AB) = det(A) det(B) असल्याने ती गुणाकार टिकवते; अशा प्रतिचित्रणाला समाकारिता म्हणतात.

ज्या घटकांची प्रतिमा अविकारक घटक असते त्यांच्या संचाला समाकारितेचा गाभा म्हणतात. येथे तो निर्धारक १ असलेल्या आव्यूहांचा, म्हणजे SL(n, R) हा प्रसामान्य उपगट होय. पहिल्या तुल्याकारिता प्रमेयानुसार, मूळ गटाला गाभ्याने भागून मिळणारा भागगट प्रतिमेशी तुल्याकारी असतो. कोणत्याही शून्येतर c साठी कर्णावर c, १, १, …, १ व इतरत्र शून्ये असलेल्या आव्यूहाचा निर्धारक c येतो, म्हणून प्रतिमा संपूर्ण R* आहे. यावरून

GL(n, R) / SL(n, R) ≅ R*

हा निष्कर्ष मिळतो. भागगटाचा प्रत्येक घटक म्हणजे समान निर्धारक असलेल्या सर्व आव्यूहांचा एक सहसंच होय.

उदाहरणार्थ, A च्या ओळी (३, १) व (४, २) आणि B च्या ओळी (२, ०) व (०, १) मानू. दोहोंचा निर्धारक २ आहे. B च्या व्यस्ताने A ला उजवीकडून गुणल्यास (३/२, १) व (२, २) या ओळींचा आव्यूह मिळतो. त्याचा निर्धारक ३ − २ = १ असल्यामुळे तो SL(२, R) मध्ये आहे; म्हणजेच A व B एकाच सहसंचात आहेत. आव्यूह भिन्न असले, तरी भागगटात दोघांच्या जागी २ ही एकच संख्या येते.

या प्रमेयावरून GL(n, R) हा SL(n, R) व R* यांचा सरळ गुणाकार आहे, असे मात्र म्हणता येत नाही. n विषम असल्यास ते खरे आहे : प्रत्येक सत् संख्येला n वे सत् मूळ असते, म्हणून कोणताही आव्यूह अदिश आव्यूह व निर्धारक १ असलेला आव्यूह यांच्या गुणाकाराच्या रूपात एकाच प्रकारे मांडता येतो. n = २ असता cI या अदिश आव्यूहाचा निर्धारक c² असतो व तो ऋण होऊ शकत नाही, म्हणून ही मांडणी साधत नाही. अन्य मार्गानेही ते शक्य नाही. GL(२, R) मध्ये सर्व घटकांशी क्रमनिरपेक्ष असणारे आव्यूह फक्त अदिश आहेत व त्यांतील वर्ग I असणारे, I सोडून, एकच आहे : −I. सरळ गुणाकारात मात्र असे तीन घटक असतात. तेव्हा भागगट व गाभा ठाऊक असले, तरी मूळ गटाची रचना तेवढ्यावरून निश्चित होत नाही.