'निगेटिव्ह' एचबीएसएजीचा अर्थ

वैद्यकीय परीक्षेतला ठरलेला प्रश्न घ्या. इस्लापूरच्या एका तरुणाला तीन महिन्यांपूर्वी कावीळ झाली होती. आता एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन) निगेटिव्ह, अँटी-एचबीएस (त्याविरुद्धचे प्रतिपिंड) निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी आयजीएम (गाभ्यातील प्रथिनाविरुद्धचे सुरुवातीचे प्रतिपिंड) पॉझिटिव्ह. पहिले दोन्ही निगेटिव्ह पाहून बरेच जण 'संसर्गच झाला नाही' असे उत्तर लिहितात. तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण हा 'विंडो पिरियड' आहे. पृष्ठभागाचे प्रथिन ओसरत आलेले असते आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड अजून मोजण्याइतके सुटे उरत नाहीत.

बँकेच्या पासबुकासारखे समजा: जमा-खर्च जुळून शिल्लक शून्य दिसते, पण व्यवहार झाल्याची नोंद राहतेच. अँटी-एचबीसी ही ती नोंद. लशीत फक्त पृष्ठभागाचे प्रथिन असल्याने लस घेतलेल्याच्या पासबुकात ही नोंद येतच नाही; त्याचे एकटे अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असते. आजारातून बरा झालेल्याचे अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी आयजीजी (मागाहून येऊन टिकणारे प्रतिपिंड) दोन्ही पॉझिटिव्ह असतात.

एचबीएसएजी सहा महिन्यांहून अधिक काळ पॉझिटिव्ह राहिले, तर संसर्ग जुनाट. तेव्हा आयजीएम सहसा नसते. मात्र जुनाट आजार उसळला तर तेही पुन्हा दिसू शकते. म्हणून प्रश्नातला कालावधी आधी वाचावा, मग चाचण्यांचे निकाल.