कोबी, सोयाबीन आणि थायरॉइडची गोळी

थायरॉइडची गोळी सुरू झाली की स्वयंपाकघरात पहिली गदा येते ती कोबीवर. पाठोपाठ फ्लॉवर, मुळा आणि सोयाबीन जातात. वर्षानुवर्षं आवडीची भाजी सोडलेल्या माणसांना ती का सोडली, हे मात्र नीटसं कुणी सांगितलेलं नसतं.

कोबीचं नाव बदनाम झालं कुठून?

सशांमुळे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ॲलन चेस्नी आणि त्यांचे सहकारी सिफिलिसच्या संशोधनासाठी ससे पाळत. सशांचं मुख्य खाणं कोबी. या सशांच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजून मोठी झालेली त्यांना आढळली, म्हणजे गलगंडच. 1928 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि कोबीवर शिक्का बसला. पण सशांना थोडं आयोडीन दिलं की गलगंड टळतो, हेही पुढच्या प्रयोगांत दिसलं होतं. ही अर्धी गोष्ट लोकांपर्यंत पोचलीच नाही.

कोबीत असं असतं तरी काय?

कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, मोहरी या एकाच कुळातल्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. भाजी कच्ची चिरली किंवा चावली की तिच्यातलंच एक विकर त्यांच्यावर काम करू लागतं. कच्च्या मुळ्याचा किंवा मोहरीचा झणका येतो तो यातूनच. याच क्रियेत तयार होणारी काही द्रव्यं ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत, तर काही संप्रेरक बनण्यात अडथळा आणतात. भाजी शिजवली की हे विकर निकामी होतं. आतड्यातले जीवाणू त्याचं काम थोडंफार करतात, पण एकूण परिणाम बराच कमी होतो.

माणसांवर पाहणी झाली आहे का?

झाली आहे, मात्र छोटी. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा जणांना चार आठवडे रोज 150 ग्रॅम शिजवलेले ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीच्याच जातीचे छोटे गड्डे, खायला दिले. त्यांच्या थायरॉइडच्या कामात काही फरक पडला नाही.

उलट बाजूचं एक उदाहरणही आहे. 2010 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 88 वर्षांच्या एका चिनी आजींची हकिगत छापली. मधुमेहाला बरं म्हणून त्या काही महिने रोज एक ते दीड किलो बोक चॉय ही कोबीच्या कुळातली पालेभाजी कच्चीच खात होत्या. थायरॉइडचं काम इतकं मंदावलं की त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. दीड किलो कच्चा पाला आणि आपल्या ताटातली वाटीभर शिजलेली भाजी यांची तुलनाच होऊ शकत नाही.

मग आयोडीनचं काय?

खरी मेख तिथेच आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. आयोडीनयुक्त मिठात, आपल्या हातात पडताना, दर ग्रॅममागे किमान 15 मायक्रोग्रॅम असावं असा भारतातला नियम आहे. घरातलं मीठ बंद करून फक्त सैंधव वापरणाऱ्यांचा हा भरवशाचा पुरवठाच तुटतो. कोबी सोडून सैंधव धरणं हा तर उलटाच उपचार झाला.

सोयाबीनचं प्रकरण वेगळं का?

कारण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. थायरॉइड निरोगी असलेल्या मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांचा एकत्र अभ्यास केल्यावर सोयामुळे थायरॉइडची संप्रेरकं घटल्याचं दिसलं नाही. टीएसएच मात्र किंचित वाढलेलं आढळलं. ज्यांचा थायरॉइड आधीच काठावर आहे, त्यांनी मात्र सोया पावडर किंवा आयसोफ्लेवोनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. अशा 60 रुग्णांवर ब्रिटनमध्ये एक चाचणी झाली. रोज 16 मिलिग्रॅम सोयाद्रव्य घेताना त्यांतल्या सहा जणांचा आजार पूर्ण वाढीस लागला.

दुसरी गोष्ट थायरॉइडच्या गोळीची. आतड्यात सोया असेल तर ती नीट शोषली जात नाही. दोष ग्रंथीत नसतो, वेळेत असतो. सकाळी सातला गोळी आणि लगेच सोया दूध, असं रोज चाललं तर डोस बरोबर असूनही टीएसएच चढतं आणि डॉक्टर डोस वाढवत राहतात. कॉफीनेही असंच होतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचं तर फारच.

मग करायचं काय?

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नाश्ता, चहा-कॉफी अर्ध्या ते एका तासानंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. सोया खात असाल तर प्रमाण रोज सारखं ठेवा. आहारात मोठा बदल केलात तर डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घ्या. कोबीची भाजी शिजवून बिनधास्त खा.