तीन हजार रुपयांत जाहिरात करायची की नवे व्हिडिओ? तांदूळ विकणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडा

वडगाव मावळ : भात झोडून, गिरणीतून तांदूळ करून आणला की मावळातले अनेक शेतकरी आता व्यापाऱ्याची वाट न बघता मोबाईलवर व्हिडिओ टाकून थेट पुणे, पिंपरी-चिंचवडच्या घरांत इंद्रायणी पोचवायला बघतात. व्हिडिओ टाकला की खाली लगेच Boost असं बटण दिसतं. पैसे भरा, जास्त लोकांना दाखवू, असा त्याचा अर्थ. इथंच बहुतेकांची गडबड होते. खिशात दोन-तीन हजार असतात आणि प्रश्न पडतो, की हे सगळे एकाच व्हिडिओच्या जाहिरातीत घालायचे, की त्यात अजून चार व्हिडिओ करायचे?

याचं उत्तर व्हिडिओ किती जणांनी पाहिला यावर ठरत नाही. एका ऑर्डरमागे आपल्याला किती सुटतात, यावर ठरतं.

आधी एका पिशवीचा हिशेब

पवन मावळातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येकानं स्वतःचे घालावेत. त्याच्याकडे दहा किलोच्या 60 पिशव्या तांदूळ आहे. व्यापारी किलोला 50 रुपये देतो, म्हणजे पिशवीचे 500. थेट गिऱ्हाइकाला 70 नं विकला तर 700 येतात. वरच्या 200 मधून पिशवी आणि पोचवण्याचा खर्च 50 गेला, की राहिले 150.

हा 150 चा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा. एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीत 150 पेक्षा जास्त गेले, तर त्यापेक्षा व्यापाऱ्याला दिलेला तांदूळ परवडला.

पहिला आठवडा पैसे न भरता

या शेतकऱ्याकडे 3000 रुपये आहेत. त्यानं पहिल्याच दिवशी जाहिरात केली नाही. गावातल्या पोराकडून 250 रुपयांप्रमाणे पाच छोटे व्हिडिओ करून घेतले, 1250 गेले. एकात पावसातलं खाचर आणि मागे धबधबा, एकात लावणी, एकात गिरणी, एकात आजी जुन्या भाताबद्दल बोलते. पाचव्यात नुसतं चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं, वाफाळता मऊ भात दाखवला आणि दर, पिशवीचं वजन, कुठवर पोचवतो हे तोंडानं सांगितलं.

आठवडाभरात धबधब्याचा व्हिडिओ नऊ हजार जणांनी पाहिला, पण तांदळाची चौकशी दोघांनीच केली. बाकीच्यांनी जागा कुठली ते विचारलं. पातेल्याचा व्हिडिओ अकराशेच लोकांनी पाहिला, पण चौकशा आल्या 11 आणि ऑर्डरी 4. इतर व्हिडिओंवरून मिळून 2 ऑर्डरी आल्या.

पहिल्याच दिवशी सगळे पैसे एका व्हिडिओवर लावले असते, तर बहुतेक माणसं धबधबाच निवडतात, कारण तो दिसायला चांगला असतो. जास्त व्हिडिओ करायचे ते याचसाठी, कुठल्या गोष्टीवर माणूस फोन उचलतो ते स्वस्तात कळावं म्हणून. पैसे भरल्यानं व्हिडिओ जास्त लोकांपुढे जातो, पण जो बघून कुणी विचारत नाही, तो दहापट लोकांना दाखवला तरी विचारणारे फारसे वाढत नाहीत.

मग जाहिरात, तीही थोडी थोडी

आता पातेल्याच्या व्हिडिओवर रोज 100 प्रमाणे चार दिवस जाहिरात लावली. 400 वर 18 टक्के जीएसटी धरून 472 रुपये गेले. जीएसटी विसरला तर हिशेब चुकतो. या चार दिवसांत 5 ऑर्डरी आल्या, म्हणजे ऑर्डरमागे साधारण 94 रुपये. 150 च्या आत आहे, म्हणून पुढे चालू ठेवलं.

दुसऱ्या खेपेला 500 लावले, जीएसटीसह 590. पुन्हा 5 ऑर्डरी, पण ऑर्डरमागे आता 118 पडले. तिसऱ्या खेपेला दोन दिवसांत 236 गेले आणि ऑर्डर एकच आली. त्यानं तिथंच जाहिरात बंद केली.

असं का होतं? ज्यांना लगेच घ्यायचं होतं त्यांनी सुरुवातीला घेतलं. नंतर तोच व्हिडिओ त्याच माणसांपुढे परत परत जातो. ऑर्डरमागचा खर्च खेपेगणिक चढत गेला, की त्या व्हिडिओचा दम संपत आला असं समजावं. मात्र एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये. एखाद्या दिवशी नशिबानं तीन ऑर्डरी येतात, एखाद्या दिवशी एकही नाही. म्हणून निदान तीन-चार दिवसांचा हिशेब धरायचा. तिसऱ्या खेपेला त्यानं दोनच दिवसांत हात आखडला, कारण खर्च आधीपासूनच चढत होता.

उरलेल्या 452 रुपयांत त्यानं पातेल्याच्याच धर्तीचा नवा व्हिडिओ करायला घेतला, या वेळी शहरातल्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात.

शेवटी उरलं काय?

जाहिरातीतून 11 आणि फुकटात 6, अशा 17 ऑर्डरी झाल्या. 150 प्रमाणे 2550 रुपये सुटले. तोवरचा खर्च होता 2548. म्हणजे नफा दोन रुपये! पण तांदूळ संपला की ते घर पुन्हा घेतं आणि त्या दुसऱ्या पिशवीला जाहिरातीचा एक रुपया लागत नाही. म्हणून या 17 जणांचे नंबर जपून ठेवणं आणि महिन्या-दीड महिन्यानं स्वतःहून फोन करणं, हीच खरी कमाई आहे. जिथं गिऱ्हाईक परत येणार नाही, तिथं पहिल्या ऑर्डरलाच नफा सुटला पाहिजे.

पैसे वाया जातात ते इथं

जाहिरात लावताना ठिकाण विचारतात. तिथं मावळ टाकलं, तर व्हिडिओ ज्यांच्या घरात भात पिकतो त्यांनाच दिसणार. तांदळासाठी निगडी, वाकड, पुणे असं टाकावं. लोणावळ्यात चिक्की विकणाऱ्याचं उलटं. त्याचं गिऱ्हाईक शनिवार-रविवारी गावात आलेलं असतं, म्हणून त्यानं लोणावळ्याचा परिसर आणि तेवढेच दिवस धरावेत.

जाहिरातीचा हेतू निवडताना जास्त लोकांनी पाहावं हा नको, मेसेज यावेत हा घ्यावा. व्हॉट्सॲप जोडलं असेल तर जाहिरातीतून आलेल्या मेसेजवर तशी खूण दिसते, त्यामुळे फुकटच्या ऑर्डरी वेगळ्या मोजता येतात. आणि व्हिडिओला सिनेमातलं गाणं लावलेलं असलं, तर त्याची जाहिरात सहसा करू देत नाहीत. म्हणून करतानाच साधा आवाज ठेवावा.

उलटी वाटणी कधी?

तांदूळ टिकतो, म्हणून आठवडाभर थांबून बघता येतं. स्ट्रॉबेरी, फुलं किंवा पवना धरणाकाठच्या तंबूतली या शनिवारची रिकामी जागा थांबत नाही. तिथं नवे व्हिडिओ करत बसायला वेळ नसतो. मागच्या खेपेला ज्या व्हिडिओवर चौकशा आल्या होत्या, तोच काढून बुधवार ते शुक्रवार पैसे लावावेत. असा व्हिडिओ हाताशी हवा असेल, तर तो हंगामाच्या आधी, घाई नसताना तपासून ठेवावा लागतो.