मागच्या महिन्याचं काम या महिन्याच्या हिशेबात

इचलकरंजीतल्या एखाद्या प्रोसेस हाऊसमध्ये महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी चक्कर मारली, तर सगळं कापड एकाच अवस्थेत कधीच दिसत नाही. काही तागे घडी होऊन गठ्ठ्यात बांधलेले असतात, काहींची नुसती खळ निघालेली असते, काही रंगून स्टेंटरवर जायची वाट बघत असतात. मशीन काही तारीख बघून थांबत नाही. मालकाला मात्र महिना संपला की एकच आकडा हवा असतो: या महिन्यात मीटरला किती पडले?

एकूण खर्चाला तयार मीटरने भागून हे उत्तर मिळत नाही, कारण खर्चाचा काही भाग अर्धवट मालात अडकलेला असतो. म्हणून कॉस्टिंगवाले अर्धवट माल पूर्ण मालाच्या मापात मोजतात. काम 40 टक्के झालेलं 3,000 मीटर कापड म्हणजे कामाच्या दृष्टीने 1,200 मीटर पूर्ण कापड. हीच समतुल्य एककं. शिलकी अर्धवट मालापुरतं हे सोपं आहे. गोंधळ होतो तो महिन्याच्या सुरुवातीलाच आधीच्या महिन्याचा अर्धवट माल मशीनवर असतो तेव्हा, आणि चालत्या कारखान्यात तो नेहमीच असतो.

एक उदाहरण घेऊ. इथले अनेक कारखाने जॉबवर्क करतात. आपला मालक ग्रे कापड स्वतः विकत घेतो असं धरू. 1 एप्रिलला त्याच्याकडे 2,000 मीटर सुरुवातीचा अर्धवट माल आहे. कापड सुरुवातीलाच पूर्ण लागतं, त्यामुळे कापडाच्या बाबतीत तो शंभर टक्के पूर्ण, प्रक्रियेच्या बाबतीत 60 टक्के. त्यावर मार्चमध्येच कापडाचे 1,18,000 आणि प्रक्रियेचे, म्हणजे रंग, रसायनं, वाफ, मजुरी यांचे 23,700 रुपये खर्च झालेत. एप्रिलमध्ये 10,000 मीटर नवं कापड घातलं, त्याचे 6,50,000 रुपये. महिन्याचा प्रक्रियाखर्च 2,16,000. महिनाअखेर 9,000 मीटर तयार झालं आणि 3,000 मीटर 40 टक्क्यांवर शिल्लक राहिलं. आटणं आणि वाया जाणं सोपेपणासाठी सोडून देतो.

आता प्रश्न असा, की एप्रिलमध्ये नेमकं किती काम झालं? फिफो पद्धत, म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर, याच प्रश्नाला धरून चालते. सुरुवातीच्या 2,000 मीटरवर एप्रिलमध्ये फक्त उरलेलं 40 टक्के काम झालं, म्हणजे 800 मीटर. तयार झालेल्या 9,000 पैकी ते 2,000 वजा केले की 7,000 मीटर याच महिन्यात घालून याच महिन्यात पूर्ण झाले, ते पुरेपूर धरायचे. शिलकी मालाचे 1,200. एकूण 9,000 समतुल्य मीटर. 2,16,000 भागिले 9,000, म्हणजे मीटरला 24 रुपये. कापडाचा हिशेब आणखी सोपा: सुरुवातीच्या मालात एप्रिलमध्ये नवं कापड गेलंच नाही, म्हणून 7,000 अधिक 3,000, म्हणजे 10,000 मीटर, आणि दर 65 रुपये. दोन्ही मिळून मीटरला 89 रुपये.

सरासरी पद्धत वेगळं बोलते. कोणतं काम कोणत्या महिन्यातलं याची ती चौकशी करत नाही. तयार 9,000 मीटर पूर्ण धरायचे आणि त्यात शिलकी मालाची एककं मिळवायची. कापडाची 12,000, प्रक्रियेची 10,200. पण मग खर्चही दोन्ही महिन्यांचा घ्यायचा. कापडाचे 7,68,000 भागिले 12,000, म्हणजे 64 रुपये. प्रक्रियेचे 2,39,700 भागिले 10,200, म्हणजे 23.50. एकूण 87.50.

दीड रुपयाचा फरक कुठून आला? मार्चमध्ये कापड 59 रुपयांनी आणि प्रक्रिया मीटरला 19.75 रुपयांनी पडली होती, म्हणजे एकूण 78.75. तो स्वस्त मार्च सरासरीत मिसळला आणि एप्रिलची महागाई थोडी झाकली गेली. एखादा व्यापारी 88 रुपयांनी ऑर्डर देऊ लागला, तर सरासरीवर विसंबलेल्या मालकाला मीटरमागे पन्नास पैसे सुटल्यासारखे वाटतील. आजच्या दराने मात्र तो मीटरला एक रुपया खिशातून घालत असेल.

हिशेब बहुतेक वेळा चुकतो तो एका पद्धतीचा अंश आणि दुसरीचा छेद घेतल्यामुळे. सुरुवातीच्या मालाचा जुना खर्च मिळवून 2,39,700 करायचे आणि फिफोच्या 9,000 ने भागायचे, की उत्तर 26.63 येतं. खर्च दोन महिन्यांचा, काम एकाच महिन्याचं. दुसरी चूक म्हणजे फिफोत सुरुवातीच्या मालाचे 800 ऐवजी 1,200 मीटर धरणं, म्हणजे झालेलं काम मोजणं आणि उरलेलं सोडणं. ही चूक पकडायला एक सोपी खूण आहे: सरासरीच्या एककांतून सुरुवातीच्या मालात आधीच झालेलं काम वजा केलं, की फिफोची एककं यायलाच हवीत. 10,200 वजा 1,200, बरोबर 9,000. कापडातही 12,000 वजा 2,000, बरोबर 10,000.

शेवटचा ताळा रुपयांत घ्यायचा. फिफोत सुरुवातीच्या मालाचा जुना खर्च 1,41,700, तो पुरा करायला 800 मीटरचे 19,200, नव्या 7,000 मीटरचे 89 दराने 6,23,000. तयार मालाची किंमत 7,83,900. शिलकी मालाची 1,95,000 अधिक 28,800, म्हणजे 2,23,800. बेरीज 10,07,700, आणि कारखान्याने दोन महिन्यांत त्या मालावर घातलेले पैसेही तेवढेच. सरासरीतही 7,87,500 आणि 2,20,200 मिळून हीच बेरीज येते. पद्धत बदलल्याने खर्च वाढत नाही, तयार आणि शिलकी मालात त्याची वाटणी तेवढी बदलते.

एवढं सगळं अचूक करूनही हिशेब एका आकड्यावर टेकलेला असतो. 40 टक्के कोणी ठरवले? पुस्तकातल्या गणितात हा आकडा छापूनच येतो, कारखान्यात तो सुपरवायझरच्या तोंडून येतो. आणि पाच मशीनपैकी दोन झाली म्हणजे 40 टक्के, असा तो नसतो. टक्के खर्चाचे धरायचे असतात. रंगाई एकच टप्पा असला तरी प्रक्रियेच्या खर्चाचा मोठा वाटा ती खाऊ शकते, त्यामुळे ब्लीच होऊन जिगरपाशी थांबलेलं कापड मशीनच्या मोजणीने अर्ध्यावर आणि खर्चाच्या मोजणीने बरंच मागे असू शकतं.

हा आकडा फुगवला तर काय होतं, तेही बघा. शिलकी माल 40 ऐवजी 60 टक्के झाला म्हटलं, तर फिफोची एककं 9,600 होतात आणि प्रक्रियेचा दर 24 वरून 22.50 वर उतरतो. शिलकी मालातला प्रक्रियाखर्च 28,800 वरून 40,500 वर जातो. तयार माल सगळा विकला गेला असेल तर त्या महिन्याचा नफा 11,700 रुपयांनी वाढलेला दिसतो. एक मीटर कापडही जास्त तयार झालेलं नसतं, आणि ते 11,700 रुपये पुढच्या महिन्याच्या बोकांडी बसतात.

साठ्याच्या मूल्यांकनाला भारतातलं लेखामानक क्रमांक 2 दोन्ही पद्धती मान्य करतं, त्यामुळे ताळेबंदापुरती कोणतीही चालेल. दर स्थिर असतील तर सरासरीने कामही कमी लागतं. पण रंग-रसायनांचे किंवा इंधनाचे भाव हलत असताना ऑर्डरचा दर ठरवायचा असेल, तर फिफोच धरावी. आणि मीटरचा दर हातात आला की अकाउंटंटला दोन गोष्टी विचाराव्यात: जुना खर्च यात आहे की नाही, आणि शिलकी मालाचे टक्के फ्लोअरवर जाऊन कोणी पाहिले.