पाचशे एक ते शून्य : डार्टच्या सामन्याचा भाव कसा निघतो

व्यावसायिक डार्टमध्ये प्रत्येक लेग ५०१ पासून सुरू होतो. खेळाडू एका पाळीत तीन डार्ट फेकतो, मिळालेले गुण ५०१ मधून वजा होत जातात आणि शेवटचा डार्ट फळ्याच्या कडेच्या अरुंद डबल पट्टीत किंवा मधोमधच्या बुलमध्ये बसवून नेमके शून्य गाठावे लागते. जो आधी पोहोचतो त्याचा लेग. टीव्हीवर खेळाडूच्या नावाशेजारी दोन आकडे हमखास दिसतात. एक म्हणजे तीन डार्टची सरासरी, म्हणजे एका पाळीमागे मिळालेले गुण. दुसरा चेकआउटची टक्केवारी, म्हणजे डबलवर फेकलेल्या डार्टपैकी किती बसले याचे प्रमाण. ब्रिटनमधले परवानाधारक बुकी सामन्याआधी जो भाव जाहीर करतात, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच दोन आकडे असतात. (भारतात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे. इथे विषय हिशेबाचा आहे.)

या हिशेबातली पहिली खोच अशी, की हे दोन आकडे एकमेकांपासून वेगळे नाहीत. सरासरी ९८ असलेला खेळाडू ५०१ गुण संपवायला साधारण १५.३ डार्ट घेतो आणि त्यात डबलवर वाया गेलेले डार्टही मोजलेले असतात. चेकआउट ४० टक्के असेल तर एक डबल लागायला सरासरी अडीच डार्ट लागतात, ३३ टक्के असेल तर तीन. फरक अवघ्या अर्ध्या डार्टचा. पण १५.३ चे १५.८ झाले की सरासरी ९८ वरून ९५ वर येते. म्हणजे डबलवरचा कच्चेपणा सरासरीत आधीच उतरलेला असतो. सरासरीवरून एकदा गणित केले आणि ‘चेकआउटही चांगले आहे’ म्हणून वर पुन्हा टक्के चढवले, तर तोच गुण दोनदा मोजला जातो. नवशिक्यांच्या हिशेबात ही चूक सर्रास आढळते.

त्यातही सरासरी फसवी असते. हरलेल्या लेगमध्ये खेळाडू अनेकदा डबलपर्यंत पोहोचतच नाही, त्याचे फक्त गुण मिळवणारे डार्ट मोजले जातात. सतत बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी खेळणाऱ्याची सरासरी त्यामुळे थोडी फुगलेली दिसते. म्हणून जाणकार कामाची विभागणी करतात. गुण मिळवण्याची ताकद पहिल्या नऊ डार्टच्या सरासरीवरून घ्यायची, कारण तिथे डबलचा संबंध सहसा येत नाही, आणि शेवट करण्याची ताकद चेकआउटवरून. दोन्ही जोडून एक तक्ता तयार होतो : हा खेळाडू लेग कितव्या पाळीत संपवतो आणि शंभरातून किती वेळा.

समजा, अ हा ९८ च्या आसपासचा खेळाडू आहे आणि ब ९२ च्या. उदाहरणापुरते असे धरू, की अ शंभरातले १६ लेग चौथ्या पाळीत संपवतो, ४१ पाचव्या, २८ सहाव्या, ११ सातव्या आणि ४ आठव्या पाळीत. ब चे आकडे याच क्रमाने ९, ३४, ३३, १७ आणि ७. दोघांचे तक्ते समोरासमोर ठेवून प्रत्येक जोडीचा गुणाकार केला, की तीन शक्यता निघतात. अ कमी पाळ्यांत संपवतो ४५ टक्के वेळा, ब कमी पाळ्यांत संपवतो २८ टक्के वेळा, आणि उरलेल्या २७ टक्के वेळा दोघांना तितक्याच पाळ्या लागतात.

सगळी गंमत त्या शेवटच्या २७ टक्क्यांत आहे. पाळ्या सारख्या लागल्या तर लेग जो आधी फेकतो त्याचा, कारण समोरच्याची तीच पाळी येण्याआधीच खेळ संपलेला असतो. म्हणजे अ ने सुरुवात केली तर त्याची लेग जिंकण्याची शक्यता ४५ अधिक २७, अशी ७२ टक्के. ब ने सुरुवात केली तर अ कडे उरतात ४५ टक्केच. आधी फेकण्याचा फायदा किती, याचे उत्तर बरोबरीच्या शक्यतेइतका, असे चोख मिळते. समालोचक ज्याला ‘थ्रो राखणे’ आणि ‘ब्रेक’ म्हणतात, ते हेच ७२ आणि ४५.

चेकआउटचे खरे महत्त्वही इथेच कळते. दोन खेळाडूंची सरासरी ९५ च आहे, पण एक भरभरून गुण मिळवून डबलवर अडखळतो आणि दुसरा बेताचे गुण मिळवून डबल मात्र चोख मारतो. पहिल्याचा तक्ता पसरट असतो : काही लेग झटपट, काही रेंगाळलेले. दुसऱ्याचा आटोपशीर. दोन आटोपशीर खेळाडू भिडले, की सारख्या पाळ्यांचे प्रसंग वाढतात आणि थ्रोची किंमत चढते. नुसती सरासरी पाहणाऱ्याला हे दिसत नाही.

आता लेगवरून सामन्याकडे. प्रीमियर लीगमध्ये २०२२ पासून साप्ताहिक सामने बेस्ट ऑफ ११ लेगचे, म्हणजे आधी सहा लेग जिंकणाऱ्याचे असतात. लेगची सुरुवात आलटूनपालटून होते, म्हणून अ ने पहिला लेग सुरू केला तर अकरापैकी सहा थ्रो त्याचे. ७२ आणि ४५ टक्के घेऊन सर्व शक्यता मोजल्या, की अ सामना जिंकण्याची शक्यता ७५.६ टक्के येते. ब ने सुरुवात केली तर ६९.७. पहिला थ्रो कोणाचा हे सामन्याआधी बुलच्या जवळ कोणाचा डार्ट पडतो यावर ठरते. तोवर भाव लावणारा दोन्हींची सरासरी धरतो, थ्रो ठरला की भाव लगेच सरकतो. इतक्या छोट्या सामन्यात तो सहा टक्क्यांनी हलतो, ही काही क्षुल्लक बाब नाही.

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या पीडीसी विश्वविजेतेपदात सेट खेळले जातात. एक सेट बेस्ट ऑफ ५ लेगचा, म्हणजे तीन लेग जिंकणाऱ्याचा. सुरुवातीचे सामने बेस्ट ऑफ ५ सेटचे असतात आणि अंतिम सामन्यात सात सेट जिंकावे लागतात. इथे गणित दोन मजल्यांवर चालते. आधी एका सेटची शक्यता काढायची, मग ती सामन्यात घालायची. अ ने सेट सुरू केला तर पाचपैकी तीन लेगचे थ्रो त्याचे आणि सेट जिंकण्याची शक्यता ७१ टक्के. ब ने सुरू केला तर ६१. सेटची सुरुवातही आलटूनपालटून होते. हे दोन आकडे घेऊन बेस्ट ऑफ ५ सेटचा हिशेब केला, की अ ने पहिला सेट सुरू केल्यास ७९.८ टक्के येतात, ब ने केल्यास ७६.८. सरासरी ७८ च्या जरा वर.

आता याची तुलना करून पाहू. ब्लॅकपूलच्या विंटर गार्डन्समधल्या वर्ल्ड मॅचप्लेमध्ये पहिली फेरी आधी दहा लेग जिंकणाऱ्याची असते. दोन लेगच्या फरकाचा तिथला नियम बाजूला ठेवला, तर याच अ ला तिथेही सुमारे ७८ टक्केच मिळतात. म्हणजे जास्तीत जास्त २५ लेग चालू शकणारा सेटचा सामना आणि जास्तीत जास्त १९ लेगचा सामना, दोन्ही चांगल्या खेळाडूला जवळपास सारखेच संरक्षण देतात. सरळ २५ लेगांचा सामना असता तर ते ८१-८२ टक्क्यांपर्यंत गेले असते. कारण उघड आहे. सेट ३-० ने जिंका किंवा ३-२ ने, खात्यात पडतो एकच सेट. जादा जिंकलेले लेग वाया जातात. सेटच्या सामन्यात एकूण कमी लेग जिंकूनही विजय मिळू शकतो, सरळ लेगच्या सामन्यात तसे होत नाही.

उलट बाजूने पाहिले, तर सेटची धावसंख्या खेळाचे अंतर फुगवून दाखवते. ३ जानेवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात ल्यूक लिटलरने मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ ने हरवले, त्यात सुरुवातीला ४-० अशी आघाडी घेतली होती. धावफलक एकतर्फी वाटतो. प्रत्यक्षात दोघांची सरासरी शंभराच्या वर होती आणि त्यांच्यातला फरक दोन गुणांच्या आसपासचा. अशा निकालावरून पुढच्या सामन्यासाठी तक्ते बदलायचे, तर धावसंख्या नव्हे, लेगमधले डार्ट मोजावे लागतात.

भाव चुकतो तो बहुधा गुणाकारात नाही, आत घातलेल्या आकड्यांत. चेकआउट तर फारच चंचल. एका सामन्यात खेळाडूने डबलवर १५ डार्ट फेकले आणि सहा बसले, तर ४० टक्के. एक आणखी बसला असता तर ४७. पंधरा डार्टांच्या नमुन्यात नशिबानेच १२-१३ टक्क्यांची उलटसुलट होऊ शकते. सहाशे प्रयत्नांनंतर ती दोनवर येते. म्हणून शहाणा माणूस ताज्या आकड्याला खेळाडूच्या दीर्घ नोंदीकडे आणि नोंदच छोटी असेल तर सर्वसाधारण पातळीकडे ओढून घेतो. तीन सामन्यांत ५० टक्के मारणारा नवखा पुढेही ५० मारेल, असे धरणे म्हणजे हातचे पैसे सोडणे.

आकडे कोणत्या स्पर्धेतले, हेही पाहावे लागते. वर्ल्ड ग्रां प्रीमध्ये लेगची सुरुवातही डबल मारून करावी लागते, त्यामुळे तिथली सरासरी इतर स्पर्धांच्या तक्त्यात मिसळता येत नाही. शिवाय या गणिताचे एक गृहीतक आहे : दोघे आपापल्या वाटेने शून्याकडे जातात आणि एकमेकांवर परिणाम करत नाहीत. ते पूर्ण खरे नाही. प्रतिस्पर्धी अजून दूर असेल तर खेळाडू बुलवर जोखीम घेत नाही, सोपा डबल उरेल असे फेकून पुढच्या पाळीची वाट पाहतो. प्रतिस्पर्धी ४० वर उभा असेल तर तोच खेळाडू बुलवर डार्ट टाकतो. त्यामुळे पाळ्यांचा तक्ता थोडा हलतो. ही दुरुस्ती करायला प्रत्येक पाळीची नोंद लागते, नुसत्या सरासरीवरून ती करता येत नाही.

शक्यता हाती आली, की भाव काढणे सोपे. अ ची शक्यता ७५.६ टक्के, तर एक भागिले ०.७५६, म्हणजे १.३२ हा रास्त भाव, ब चा ४.१०. बुकी हा भाव देत नाही. तो दोन्ही शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी फुगवतो, त्यामुळे फलकावर १.२६ आणि ३.९० असे आकडे लागतात. म्हणजे आपला हिशेब बुकीपेक्षा तीन टक्क्यांनी सरस असला, तरी एवढ्या कापणीत तो खाल्ला जातो.