नऊ फोटोंतला एक

बऱ्याच शाळांचे क्रीडामहोत्सव डिसेंबर-जानेवारीत उरकतात आणि वार्षिकांकाचा मजकूर फेब्रुवारी-मार्चमध्ये छापखान्यात जायचा असतो. मधल्या दिवसांत संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर हजार-दीड हजार फोटो येऊन पडतात. काही भाड्याच्या फोटोग्राफरचे, काही पालकांच्या मोबाइलमधले, काही नववीतल्या एखाद्या हौशी पोराचे. अंकात जागा असते चार पानांची, म्हणजे फार तर वीस फोटोंची. मग ‘चांगले चांगले काढा’ असा आदेश निघतो आणि प्रत्येक जण आपापल्या वर्गाचे काढतो.

यावर तोडगा म्हणून पुष्कळ ठिकाणी तीन निकष लावतात. खेळातला नेमका क्षण सापडला आहे का, चेहरे दिसतात का, आणि फोटो काही गोष्ट सांगतो का. निकष उत्तम आहेत. घोटाळा होतो तो पुढे, जेव्हा प्रत्येकाला दहापैकी गुण देऊन बेरीज केली जाते. बक्षीस समारंभाच्या फोटोला चेहऱ्यांचे दहापैकी दहा मिळतात (बक्षीस घेणारा सोडून सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात), बाकी दोन रकान्यांत दोन-दोन गुण दिले तरी बेरीज चौदा होते. रिलेच्या फोटोत बॅटन दोघांच्या हातात आहे, क्षण नऊ गुणांचा, पण दोन्ही चेहरे सावलीत काळे; त्याचीही बेरीज चौदाच. या दोन चौदांची तुलना करून हाती काहीच लागत नाही. माझं मत असं की हे तीन निकष तीन वेगळ्या वेळी लावायचे. क्षण बघून एकाच प्रसंगाच्या अनेक फोटोंतून एक उचलायचा, चेहरा बघून तो अंकात जाणार की नाही ते ठरवायचं, आणि गोष्ट बघून त्याला किती मोठी जागा द्यायची ते.

क्षणापासून सुरुवात करू. आजकाल बटण दाबून धरलं की कॅमेरा सेकंदाला दहा-दहा फोटो काढतो, त्यामुळे नेमका क्षण त्यात असणारच असं वाटतं. ते खेळावर अवलंबून असतं. उंच उडीत मुलगा सगळ्यात वर पोहोचतो तेव्हा त्याचं वर जाणं थांबलेलं असतं आणि खाली येणं सुरू व्हायचं असतं. त्या बिंदूच्या एक दशांश सेकंद आधी आणि नंतर तो जेमतेम पाच सेंटिमीटर खाली असतो. म्हणजे दोन-तीन फोटो जवळपास सारखेच उंच मिळतात, आणि त्यांतला कुठलाही घेतला तरी क्षण चुकत नाही. मग चेहरा बघून निवडायला आपण मोकळे. धावण्याचं तसं नाही. शंभर मीटर पंधरा सेकंदांत धावणारी मुलगी दोन फोटोंच्या मधल्या वेळात पासष्ट-सत्तर सेंटिमीटर पुढे गेलेली असते. फीत छातीला लागली तो क्षण त्या फटीत सहज हरवतो. एका फोटोत फीत अजून दूर, पुढच्यात ती पोटाला गुंडाळलेली. अशा वेळी आधीचा फोटो घ्यावा. छाती पुढे काढलेली, नजर फितीवर. निकाल लागायचा असतो, म्हणून वाचणारा त्यात थांबतो.

हललेला फोटो लहान आकारात ओळखू येत नाही, ही एक नेहमीची फसगत. सेकंदाच्या एक हजारांश इतकाच वेळ शटर उघडं असेल, तर तीच मुलगी तेवढ्यात सहा-सात मिलिमीटर सरकते. एक सव्वाशांश सेकंद उघडं राहिलं तर पाच सेंटिमीटर, आणि हातपाय त्याहून जास्त. मोबाइल सावलीत आपणहून शटर संथ करतो, म्हणून मंडपाजवळचे फोटो हमखास पुसट निघतात. डोळ्यांवर पूर्ण मोठं करून बघावं. पापण्या वेगळ्या दिसल्या तर फोटो ठेवायचा. पाय थोडे हललेले असले तर चालतात, वेगच दिसतो त्यातून.

आता चेहरे. इथे खो-खोचं उदाहरण घेण्यासारखं आहे, कारण या खेळाचा नियमच निम्मे चेहरे लपवतो. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण ओळीत बसतात आणि शेजारी-शेजारी बसलेल्यांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. मैदानाच्या लांब बाजूला उभं राहून फोटो काढला की चार चेहरे आणि चार पाठी, हा हिशेब ठरलेला. खो नेहमी पाठीमागून दिला जातो. म्हणून ज्या मुलीचं तोंड कॅमेऱ्याकडे आहे तिला खो मिळाला, तरच खो देणारी आणि घेणारी अशा दोघी एका फोटोत समोरून दिसतात. तिच्या शेजारणीला मिळालेला खो कितीही चपळ असला तरी फोटोत पाठमोरा येतो. खो-खोचे फोटो चाळताना हे ध्यानात ठेवलं की निम्मे पहिल्याच फेरीत बाजूला पडतात.

चेहरा दिसणं म्हणजे छापल्यावर दिसणं. पडद्यावर बोटांनी ताणून मोठा करता येणारा चेहरा कागदावर तेवढाच राहतो. फोटो पानावर जेवढा छापायचा तेवढा पडद्यावर करून बघावा; त्यात चेहरा करंगळीच्या नखाहून लहान असेल तर आईलाही तो आपल्या मुलीचा वाटणार नाही. शिवाय साध्या कागदावर शाई पसरते आणि सावल्या आणखी गडद होतात. दुपारच्या उन्हात टोपी घातलेल्या पोराचे डोळे पडद्यावर कसेबसे दिसत असतील, तर छपाईत ते जाणार असं धरून चालावं. एक कटकट अजून असते. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसून येतो. दहा सेंटिमीटर रुंद छापायला साधारण बाराशे पिक्सेल लागतात, तेवढे त्यात निघतात. पानभर छापायला मात्र तो पुरत नाही. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा, आणि तो निवड करण्याआधीच मागवावा. नाहीतर मुखपृष्ठ ठरतं आणि मग कळतं की ते छापता येत नाही.

दिसणारा प्रत्येक चेहरा छापण्याजोगा असतोच असं नाही. पडून रडणारं पोर, कपडे विस्कटलेली मुलगी, उलटी येऊन बसलेला धावपटू, हे फोटो कितीही जिवंत असले तरी बाहेर ठेवायचे. वार्षिकांक घरोघर वर्षानुवर्षं राहतो.

आता एका निवडीची हकीकत. मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना. खांबाच्या टोकाजवळ, थोडं तिरकं उभं राहून काढलेले लागोपाठ नऊ फोटो. पहिल्या दोनांत पाठलाग करणारी खांबाकडे येते आहे, तिसऱ्यात तिने एका हाताने खांब धरला आहे, चौथ्यात ती झेपावते आहे. पाचव्यात तिचं अंग जमिनीला समांतर, मोकळा हात पुढे ताणलेला, बोटं आणि पळणारीची पाठ यांत वीतभर अंतर. पळणारी कॅमेऱ्याच्या दिशेने येते आहे, त्यामुळे दोघींचे चेहरे समोर. सहाव्यात बोटं टेकली आहेत, पण पळणारीची वेणी झोकात पुढे येऊन तिच्याच तोंडावर आली आहे. सातव्यात सूर मारणारी धुळीत आडवी, पळणारी मान वळवून मागे बघते आहे, पंचांचा हात वर आणि मागे बसलेल्या दोघींची तोंडं आरोळीत उघडी. आठवा-नववा नुसती धूळ.

पी.टी.चे सर सहाव्यावर अडून बसले. “गडी बाद झाला तो क्षण हा. खेळ कळणारा माणूस हाच फोटो घेईल.”

चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, “सर, बाद झाली ती मुलगी कुठाय? मला नुसती वेणी दिसतेय.”

सरांचं म्हणणं खेळाच्या नोंदीपुरतं बरोबर होतं. पण सहावा चेहऱ्याच्या पायरीवर गळतो, आणि क्षणाने कितीही गुण मिळवले तरी गळलेला गळलेलाच. राहिले पाच आणि सात. इथे गोष्टीचा निकष कामाला येतो. तो तपासायची साधी रीत अशी: सामन्याला हजर नसलेल्या माणसाला, एखाद्या शिपाईमामांना किंवा प्राथमिकच्या बाईंना, ओळ झाकून फोटो दाखवायचा आणि विचारायचं, काय चाललंय? पाचव्यावर उत्तर आलं, “सापडते की सुटते?” सातव्यावर उत्तर आलं, “सापडली वाटतं, हिची तोंडं बघा कशी झालीत.” पाचव्यात प्रश्न आहे, सातव्यात त्याचं उत्तर आणि उत्तराचा परिणाम. पाचवा पाऊण पानभर आणि त्याच्या पायाशी सातवा लहान, असं ठरलं. सरांना फोटोखालच्या ओळीत ‘पुढच्याच क्षणी गडी बाद’ हे शब्द मिळाले, त्यावर ते राजी झाले.

गोष्ट बहुतेक वेळा कडेला असते आणि कात्री लावताना तीच उडते. लिंबू-चमच्यात पहिली येणारी पोरगी मध्यभागी ठेवून बाजू कापली, की मागे लिंबू शोधत वाकलेला मुलगा जातो आणि उरते ती तोंडात चमचा धरलेली एक पोरगी. म्हणून गोष्टीसाठी फोटो अख्खा आणि लहान करून बघावा, आणि चेहऱ्यासाठी मोठा करून. रस्सीखेचेत तर टोकाचा क्षण असा नसतोच. ताणलेले पन्नास फोटो एकसारखे दिसतात. तिथे दोर सुटल्यानंतरचा फोटो शोधावा. जिंकलेला संघ एकमेकांच्या अंगावर ढासळलेला असतो आणि हरलेल्यांच्या हातात दोर तसाच.

दोघांनी वेगवेगळं बसून क्रमवारी लावावी आणि मग याद्या शेजारी ठेवाव्यात. जिथे जुळतात तिथे चर्चा नको. जिथे एकाचा तिसरा दुसऱ्याचा अठरावा आहे, तिथे सहसा एकाला त्या मुलीची हकीकत माहीत असते: तापातून उठून धावली, गेल्या वर्षी शेवटची आली होती. ती हकीकत फोटोत दिसत नसेल तर तिचे गुण द्यायचे नाहीत. तिला मजकुरात जागा द्यावी.

वीस फोटो ठरले की वर्गांची आणि तुकड्यांची यादी घेऊन खुणा कराव्यात. एकच वेगवान मुलगा पाच फोटोंत निघतो आणि आठवी ‘ब’ कुठेच नसते, हे दर वर्षी होतं. अशा वेळी आठवी ‘ब’चा जो फोटो क्रमवारीत सगळ्यात वर आहे, मग तो एकतिसावा का असेना, तो वर घ्यायचा आणि त्या मुलाच्या पाचांतला सगळ्यात खालचा काढायचा. वरचे चार-पाच मोठे फोटो मात्र या अदलाबदलीत हलवायचे नाहीत. शेवटी नावं डावीकडून उजवीकडे लिहून त्या त्या वर्गशिक्षकांकडून तपासून घ्यायची, आणि ज्या पालकांनी मुलाचा फोटो छापू नये असं कळवलं आहे त्यांची यादी तेव्हाच समोर ठेवायची.